'ओन युअर सनशाइन' मराठीत कसे म्हणावे? सौर पॅनेलच्या माहितीपत्रकाचे रूपांतर

वैदेही_सांगली

नमस्कार मंडळी. घरांवर सौर पॅनेल बसवून देणाऱ्या एका परराज्यातील कंपनीचे आठ पानी इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत वाटले जाणार आहे. कंपनीने स्पष्ट सांगितले आहे की शब्दशः भाषांतर नको; इंग्रजी वाचून माणूस जसा चौकशीसाठी फोन उचलतो, तसाच मराठी वाचूनही उचलला पाहिजे. हे मान्य करूनही माझा पहिला मसुदा मूळ वाक्यांनाच चिकटून राहिला. वडिलांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "हे कोणत्या खात्याचे परिपत्रक आहे?"

मूळ घोषवाक्य आहे 'ओन युअर सनशाइन'. मी लिहिले होते, 'आपल्या सूर्यप्रकाशाचे मालक व्हा'. त्याखालच्या परिच्छेदात असे आहे, की वीजबिलाचे पाकीट हसतमुखाने उघडण्याची कल्पना करून पाहा. आमच्याबरोबर तुम्ही केवळ पैसेच वाचवत नाही, तर हिरव्या भविष्याच्या चळवळीत सामील होता. पुढे बिलात ९० टक्क्यांपर्यंत बचत, २५ वर्षांची वॉरंटी, ७८,००० रुपयांची सबसिडी आणि शेवटी 'पुन्हा कधीही पॉवरलेस होऊ नका' असे वाक्य आहे. या शेवटच्या वाक्यात 'पॉवर' शब्दावर श्लेष आहे आणि तो मला कसाच साधत नाही.

घोषवाक्यासाठी नेमकी सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_कॉपीलेखक

वैदेहीताई, 'सनशाइन' या शब्दापासूनच सुरुवात करा, कारण खरी अडचण तिथे आहे. इंग्रजीत हा शब्द सुखाचा आहे. थंड, ढगाळ हवेच्या देशातील भाषेत ऊन पडणे ही आनंदाची गोष्ट असते. आपल्याकडे ऊन लागते, उन्हात राबावे लागते, उन्हातान्हात फिरू नकोस असे आई सांगते. गोड वाटते ते फक्त कोवळे ऊन, आणि त्या उन्हावर पॅनेल फारशी वीज तयार करत नाही. 'सूर्यप्रकाश' तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द आहे. त्याला ना चटका, ना ऊब. म्हणून मूळ शब्दातली प्रसन्नता मराठीत त्याच जागी शोधू नका, ती तिथे सापडणार नाही.

मग त्या वाक्याचे काम काय आहे? जी गोष्ट आजवर दुसऱ्याकडून विकत घेत होतो ती आता आपली झाली, हा अभिमान जागा करणे. हाच अभिमान मराठी माणूस रोजच्या बोलण्यात कसा व्यक्त करतो, ते आठवा. घरचे दूध, घरचे तूप, घरची भाजी, घरचे तांदूळ. पाहुण्याला वाढताना आपण 'घरचं आहे' एवढेच म्हणतो आणि त्यात शुद्धता, मालकी, न मोजलेला पैसा हे सगळे येते. 'मालक' या शब्दात ते येत नाही. मालक म्हटले की भाडेकरू, कामगार आणि सातबारा आठवतो.

म्हणून माझा प्रस्ताव: 'घरचं ऊन, घरची वीज.' नाहीतर आणखी साधे, 'आता वीजसुद्धा घरची.' दुसऱ्या ओळीतला 'सुद्धा' महत्त्वाचा आहे, कारण दूध आणि तूप न सांगता वाचकाच्या मनात आधीच आलेले असतात.

माधव_पंत

मला हा सगळा मार्ग धोक्याचा वाटतो. माहितीपत्रक हे एका अर्थी वचन असते आणि उद्या ग्राहक आयोगात वाद गेला, तर 'मूळ इंग्रजीत असे नव्हते' हे कंपनी सहज म्हणेल. अनुवादकाने शब्दाला शब्द ठेवला, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही आणि मराठी न वाचणाऱ्या कंपनीलाही काम तपासता येते. अटी आणि शर्ती तर इंग्रजीतच ठेवाव्यात, म्हणजे अर्थाचा घोळच होत नाही.

जुना_कॉपीलेखक

पंत, तुमचे अर्धे म्हणणे मी डोक्यावर घेतो. ज्या वाक्यात आकडा, मुदत किंवा अट आहे, तिथे रूपांतराचे स्वातंत्र्य नसते. परंतु तिथेही शब्दाला शब्द ठेवून अर्थ राखला जातोच असे नाही, आणि या माहितीपत्रकातच त्याची तीन उदाहरणे आहेत.

'९० टक्क्यांपर्यंत' मधला 'पर्यंत' मथळा आटोपशीर करताना गळून पडतो आणि 'बिलात ९० टक्के बचत' एवढेच उरते. ते चूक आहे. शिवाय सगळी वीज घरच्या पॅनेलची वापरली, तरी महावितरणच्या बिलात 'स्थिर आकार' येतच राहतो. 'स्थिर आकार' हे शब्द वाचकाने स्वतःच्या बिलावर पाहिलेले असतात, म्हणून इंग्रजीतल्या संज्ञेला नवा प्रतिशब्द घडवू नका. बिलावरचाच शब्द उचला.

२५ वर्षांचे तसेच. पॅनेलवर बहुधा दोन वेगवेगळ्या हमी असतात. वस्तूत दोष निघाला तर बदलून देण्याची हमी कमी वर्षांची असते, आणि २५ वर्षांची हमी वीज तयार करण्याची क्षमता ठरावीक प्रमाणाखाली जाणार नाही याची असते. इन्व्हर्टरची मुदत तर तिसरीच. मूळ इंग्रजीत 'परफॉर्मन्स' असा शब्द बहुधा असेल, तो वैदेहीताईंनी एकदा पाहावा. मराठीत '२५ वर्षांची गॅरंटी' छापले, तर माणूस काच फुटली तरी फोन करेल.

आणि सबसिडी. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ साली आली. तिच्यात २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८,००० रुपये मिळतात. हे पैसे यंत्रणा सुरू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतात. तुम्ही 'सूट' किंवा 'सवलत' लिहिले, की वाचक किमतीतून ७८,००० वजा करूनच चेकबुक काढतो. 'अनुदान' किंवा 'सबसिडी' लिहा आणि 'आधी पूर्ण रक्कम भरावी लागते' हे त्याच ओळीत लिहा.

अटी इंग्रजीत ठेवण्याचा तुमचा सल्ला मात्र चालणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत खुलासा हा दाव्याच्याच भाषेत असावा असे म्हटले आहे. दावा मराठीत, तर तारांकित टीपही मराठीतच.

माधव_पंत

खुलाशाच्या भाषेबद्दलचे हे मला ठाऊक नव्हते; ते मी मागे घेतो. पण मराठी न वाचणाऱ्या कंपनीने 'घरची वीज' कशी तपासायची, या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही.

सुरेश_कराड

माझ्या घरावर गेल्या वर्षी ३ किलोवॉटचे पॅनेल बसवले आहे, म्हणून लिहितो. एक तक्रार आहे आणि कोणी उपाय सुचवला तर बरे होईल. आमच्या भागात पावसाळ्यात वरचेवर लाईट जाते. पॅनेल बसवणाऱ्याच्या पत्रकावर 'आता वीज जाण्याची चिंता नको' असे ठळक छापले होते. प्रत्यक्षात भर दुपारी लख्ख ऊन असताना लाईट गेली, की आमचे पॅनेलही बंद. मी दोनदा इन्व्हर्टर तपासून घेतला. बिल कमी झाले आहे, तो भाग खरा; पण हा दोष कशामुळे असावा?

अभियंता_इचलकरंजी

सुरेशराव, तुमचा इन्व्हर्टर बिघडलेला नाही. बॅटरी नसलेली, महावितरणच्या लाईनला जोडलेली यंत्रणा अशीच चालते. बाहेरची लाईट गेली, की इन्व्हर्टरने स्वतःहून बंद झालेच पाहिजे असा नियम आहे. तसे झाले नाही, तर तुमच्या गच्चीवरची वीज बंद समजल्या गेलेल्या तारेत जाईल आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात येईल. लाईट नसताना वीज हवी असेल, तर बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा असतो.

धाग्याच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. वैदेहीताई, 'पुन्हा कधीही पॉवरलेस होऊ नका' या वाक्यात इंग्रजीत पळवाट आहे. 'पॉवरलेस' म्हणजे हतबल, असे कंपनी म्हणू शकते. मराठीत तो श्लेष नसल्यामुळे तुम्हाला दोन अर्थांपैकी एक निवडावा लागेल, आणि 'वीज कधीच जाणार नाही' हा अर्थ निवडलात, तर ते सरळ असत्य होईल. सुरेशरावांच्या पत्रकात हेच झालेले दिसते.

वैदेही_सांगली

सुरेशराव, तुमचा प्रतिसाद वाचून मी कंपनीला लगेच विचारले. त्यांची यंत्रणाही बॅटरीशिवायचीच आहे. मी दोन दिवस त्या श्लेषाला मराठी श्लेष शोधत होते आणि 'शक्ती' शब्दावर काहीतरी जमवलेही होते. ते सर्व काढून टाकले. हमीचेही तपासले: मूळ इंग्रजीत 'परफॉर्मन्स' हा शब्द आहे, मथळ्यात मात्र तो नाही.

आता माझी शंका 'घरची वीज' याच शब्दांबद्दल आहे. घरचे दूध असले, की गावात डेअरी बंद असली तरी आपल्याकडे चहा होतो. मग घरची वीज असली, की लाईट गेली तरी पंखा फिरेल, असे वाचकाला वाटणार नाही का?

जुना_कॉपीलेखक

ही शंका मला यायला हवी होती. तर्क करत बसू नका, माणसांना विचारा. छापील नमुना पाच जणांना वाचायला द्या, वाचून झाल्यावर कागद पालथा ठेवायला सांगा आणि दोनच प्रश्न विचारा: "हे घेतले तर काय मिळेल?" आणि "काय मिळणार नाही?" 'आवडले का' असे मुळीच विचारू नका, ओळखीची माणसे नेहमी आवडले म्हणतात. पाचांत एक तरी घरातील वडीलधारे असावे, कारण एवढा खर्च त्यांना विचारल्याशिवाय होत नाही, आणि एक तरी असे असावे की जे मजकूर मोठ्याने वाचेल. मोठ्याने वाचताना माणूस जिथे अडखळतो, तिथे बहुतेक वेळा खालचे इंग्रजी वाक्य वर आलेले असते.

पंतांच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच देतो. मराठी न वाचणाऱ्या ग्राहकाला मी नेहमी एक तक्ता देतो. त्यात मराठी ओळ, तिचा ओबडधोबड शब्दशः अर्थ, ती वाचून इथल्या माणसाला काय वाटते, आणि मूळ ओळीतले काय सुटले, असे चार रकाने असतात. 'घरची वीज' याचा शब्दशः अर्थ इंग्रजीत अगदी सपाट वाटेल. तिसऱ्या रकान्यात घरच्या तुपाची गोष्ट लिहिली, तरच त्यांना ती ओळ कळेल. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. तो रिकामा असला की ग्राहक बाकीच्या तिन्हींवर अविश्वास दाखवतो.

रेवती_नागपूर

मला 'ऊन' या शब्दाबद्दल थोडे वेगळे म्हणायचे आहे. ऊन नकोसे असते हे खरे आहे आणि आमच्याकडे मे महिन्यात तर ते शत्रूच असते. पण म्हणून ते झाकायचे कशाला? तोच त्रास कामी येतो आहे, हे सांगितले तर विदर्भातला वाचक चटकन मान डोलावेल. मी 'उन्हाला लावा कामाला' अशी ओळ सुचवते. 'कामाला लावणे' या शब्दप्रयोगात जरासा हुकूम आहे, घरातल्या आळशी मुलाला उठवण्याचा सूर आहे आणि त्यात मालकीही आपसूक येते. शिवाय ही ओळ लाईट जाण्या-न जाण्याबद्दल काहीच वचन देत नाही.

जुना_कॉपीलेखक

रेवतीताई, ओळ उत्तम आहे आणि वचनाच्या बाबतीत माझ्या ओळीपेक्षा निर्दोष आहे. माझा आक्षेप एवढाच, की ती पत्रकाच्या मथळ्याला शोभते. कंपनीच्या नावाखाली दहा वर्षे राहणाऱ्या घोषवाक्याला आज्ञार्थ नसावा असे माझे मत आहे. नावाखाली कायम हुकूम असला, की तो थोड्याच दिवसांत ऐकू येईनासा होतो.

रेवती_नागपूर

मूळ इंग्रजी ओळही आज्ञार्थीच आहे. त्यामुळे हे तुमचे वैयक्तिक मत म्हणून मी नोंदवून घेते.

अक्षरजुळणी

मी छपाईपूर्व मांडणीचे काम करतो. दोन गोष्टी सांगतो, कारण त्या लेखकाच्या हातून नेहमी सुटतात.

परराज्यात मांडणी होते तेव्हा अनेकदा हिंदीसाठीचा फॉन्ट तसाच वापरला जातो, आणि मग 'ल' व 'श' ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण पत्रक बाहेरून आले आहे हे त्याला पहिल्या नजरेत जाणवते. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, तर बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे येतात. 'दुसऱ्या', 'गच्चीवरच्या', 'बिलातल्या' असे शब्द छपाईच्या नमुन्यात डोळ्यांखालून घालाच. 'ऱ्या' हमखास मोडतो.

दुसरे म्हणजे, घोषवाक्यात 'घरचं' असे अनुस्वाराचे बोली रूप आहे. ते तिथे योग्य आहे. पण आतल्या मजकुरात एका परिच्छेदात 'आपलं' आणि पुढच्या परिच्छेदात 'आपले' असे करू नका. मथळे बोलीत आणि बाकी सर्व प्रमाण रूपात, असा एकच नियम ठरवा आणि तो मांडणी करणाऱ्याला लेखी द्या.

वैदेही_सांगली

चाचणी केली. पाच जणांत माझे वडील, शेजारच्या काकू, एक किराणा दुकानदार, एक शिक्षिका आणि एक महाविद्यालयीन मुलगा होता. 'घरचं ऊन, घरची वीज' ही ओळ कोणाला समजावून सांगावी लागली नाही, आणि काकू तर लगेच 'घरच्या तुपासारखं' म्हणाल्या. परंतु पाचांपैकी दोघांनी, दुकानदाराने आणि माझ्या वडिलांनी, "लाईट गेली तरी चालेल" हे मिळणाऱ्या गोष्टींत सांगितले. म्हणजे माझी भीती खरी ठरली.

त्यानंतर मी पहिला परिच्छेद नव्याने लिहिला. बिलाचे पाकीट गेले, कारण आपल्याकडे बिल पाकिटात येतच नाही. 'केवळ पैसेच नाही, तर चळवळही' ही वाक्यरचनाही गेली. सध्याचा मजकूर असा आहे:

"मे महिन्याचे बिल आले, की घरात पहिला प्रश्न असतो, 'एवढे युनिट पडले कसे?' पंखा, कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर. यांतले बंद तरी काय करणार? त्याच महिन्यात आपल्या घरावर दिवसभर ऊन तापत असते. तीन किलोवॉटचे पॅनेल बसवले, तर वर्षाची सरासरी धरता त्या उन्हातून महिन्याला सुमारे ३६० युनिट वीज तयार होते. पावसाळ्यात ती कमी भरते, उन्हाळ्यात जास्त. घरात वापरून उरलेली वीज महावितरणच्या लाईनमध्ये जाते आणि तुमच्या बिलात वजा होते. स्थिर आकार मात्र भरावा लागतो.

लाईट गेली, की ही यंत्रणाही थांबते आणि लाईट आली, की आपोआप सुरू होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी ही व्यवस्था आहे. लाईट नसतानाही वीज हवी असल्यास बॅटरीची सोय वेगळी घ्यावी लागते. तिची माहिती विचारा."

दुसरा परिच्छेद मी तारांकित टीपेत न टाकता मुख्य मजकुरात, त्याच आकाराच्या अक्षरात ठेवला आहे. त्याच पाच जणांना पुन्हा दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून नव्या चौघांना दाखवला. चौघांनीही लाईट गेल्यावर पॅनेल बंद होते हे बरोबर सांगितले. त्यांतल्या एकाने विचारले, "मग बॅटरीचे किती होतात?"

जुना_कॉपीलेखक

हा शेवटचा प्रश्न तुमच्या तक्त्यात कंपनीला जरूर लिहून कळवा. खरे सांगितल्यामुळे चौकशी थांबली नाही, उलट पुढची चौकशी निघाली. तुमच्या परिच्छेदात एकच सुचवतो. आधी 'आपल्या घरावर' आहे आणि पुढे 'तुमच्या बिलात' आहे. हा बदल मला योग्यच वाटतो. ऊन सगळ्यांचे आहे, बिल त्या एका घराचे. फक्त तो अनवधानाने झाला नसून हेतुपुरस्सर आहे, हे मुद्रितशोधकाला सांगून ठेवा, नाहीतर तो एकसारखे करून टाकेल.

माधव_पंत

परिच्छेद वाचला. वचनाच्या दृष्टीने यात मला खोट काढता येत नाही. तरीही घोषवाक्य मुखपृष्ठावर एकटे छापले जाईल आणि खुलासा आतल्या पानावर असेल, ही अडचण उरतेच. रिक्षाच्या पाठीमागे किंवा फलकावर तर आतले पानच नसते. तिथे 'घरचं ऊन, घरची वीज' वाचून वैदेहीताईंच्या वडिलांसारखाच समज होईल. मी असतो तर रेवतीताईंची ओळ घेतली असती.

सुरेश_कराड

माझे मत वेगळे आहे. मला 'घरची वीज' पटते, कारण दिवसा मीटर उलट्या हिशेबाने चालताना पाहिले, की तसेच वाटते. मला राग आला तो 'चिंता नको' या शब्दांचा. बाकी आमच्याकडे कोणी 'छत' म्हणत नाही आणि 'छप्पर' म्हटले, की पत्र्याची शेड डोळ्यांसमोर येते. 'स्लॅब' लिहा.

वैदेही_सांगली

सुरेशराव, सांगली शहरात 'गच्ची' चालते आणि जुन्या पिढीला 'छत' म्हणजे खोलीच्या आतून दिसणारी वरची बाजू वाटते, हे मलाही जाणवले आहे. योजनेच्या अर्जात मात्र 'छतावरील' हाच शब्द दिसतो. म्हणून योजनेच्या माहितीत 'छतावरील' आणि बाकी ठिकाणी 'गच्ची' ठेवते आहे. तालुक्यांत वाटल्या जाणाऱ्या प्रतींसाठी 'स्लॅब' करता येईल का, ते छपाईच्या खर्चावर ठरेल.

घोषवाक्याचे दोन पर्याय चार रकान्यांच्या तक्त्यासह आज कंपनीला पाठवले. पत्रकासाठी 'घरचं ऊन, घरची वीज' आणि आतला खुलासा मुखपृष्ठाच्या पाठीमागे न ठेवता त्याच पृष्ठावर खाली. रिक्षा आणि फलकांसाठी 'उन्हाला लावा कामाला'. एकाच कंपनीच्या दोन ओळी असाव्यात का, यावर त्यांचा आक्षेप येईल असे वाटते. 'पॉवरलेस'च्या जागी काहीच दिलेले नाही, आणि चौथ्या रकान्यात त्याचे कारण सुरेशरावांच्या अनुभवासह, नाव-गाव न देता, लिहिले आहे.